नमपायने दिलेले आयगेनव्हेक्टर वाचायचे कसे: दोन सायकल स्टँडचं उदाहरण

पुण्यात भाड्याच्या सायकलींचे दोनच स्टँड आहेत असं धरू, एक डेक्कनला आणि एक शिवाजीनगरला. एकूण सायकली ५००. सकाळी डेक्कनहून निघालेल्या सायकलींपैकी ७० टक्के रात्री परत डेक्कनलाच लागतात, ३० टक्के शिवाजीनगरला. शिवाजीनगरहून निघालेल्यांपैकी ८० टक्के तिथेच परत येतात, २० टक्के डेक्कनला जातात. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. प्रश्न असा, की रोज हेच चालू राहिलं तर शेवटी कुठल्या स्टँडवर किती सायकली राहतील?

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात आयगेनव्हॅल्यू हाताने काढायला शिकवतात. नमपायमध्ये तेच काम एका ओळीत होतं. अडचण नंतर येते: पडद्यावर आलेले आकडे वहीतल्या उत्तरासारखे दिसत नाहीत. म्हणून आकडेमोडीपेक्षा आलेलं उत्तर वाचण्यावर इथे जास्त वेळ देऊ.

```python
import numpy as np

A = np.array([[0.7, 0.2],
              [0.3, 0.8]])
w, V = np.linalg.eig(A)
print(w)
print(V)
```

मॅट्रिक्सचा पहिला कॉलम म्हणजे डेक्कनहून निघालेल्या सायकली कुठे गेल्या, दुसरा कॉलम म्हणजे शिवाजीनगरहून निघालेल्या कुठे गेल्या. प्रत्येक कॉलमची बेरीज १ आहे, कारण सायकल हरवत नाही आणि नवी येत नाही. ही मांडणी नीट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे. आता उत्तर पाहा:

```
[0.5 1. ]
[[-0.70710678 -0.5547002 ]
 [ 0.70710678 -0.83205029]]
```

आयगेनव्हॅल्यू दोन आल्या, ०.५ आणि १. कागदावर पडताळायचं तर कर्णावरच्या आकड्यांची बेरीज १.५ आहे आणि डिटर्मिनंट ०.५६ वजा ०.०६, म्हणजे ०.५. दोन आयगेनव्हॅल्यूंची बेरीज १.५ आणि गुणाकार ०.५ यायला हवा, तो तसाच येतो. सायकलींच्या प्रश्नाचं उत्तर डेक्कनला २००, शिवाजीनगरला ३०० असं आहे. पण वरच्या छापील आकड्यांत २०० नाही, ३०० नाही, ४०–६० टक्केही नाही. उलट सगळ्यात महत्त्वाचा, म्हणजे १ चा व्हेक्टर चक्क उणे आला आहे; १ ने गुणल्यावर वाटणी बदलत नाही, म्हणून सायकलींचं उत्तर त्याच्यातच आहे.

आधी कुठले आकडे कुणाचे ते ठरवू. `V` मधले आयगेनव्हेक्टर उभे वाचायचे असतात. `w[0]` म्हणजे ०.५, त्याचा व्हेक्टर `V[:, 0]`, म्हणजे (−०.७०७१, ०.७०७१). `w[1]` म्हणजे १, त्याचा व्हेक्टर `V[:, 1]`, म्हणजे (−०.५५४७, −०.८३२१). घात असा होतो, की नमपायमध्ये नुसतं `V[0]` लिहिलं तर आडवी ओळ मिळते, कॉलम नाही. `for` लूप चालवला तरी तो ओळींवरूनच फिरतो. त्यामुळे `zip(w, V)` असं लिहिलेला कोड निमूटपणे चालतो, कुठलीही एरर देत नाही, आणि चुकीच्या जोड्या लावतो. तिथे `zip(w, V.T)` हवं.

ही चूक पकडायची तर व्हेक्टरला मॅट्रिक्सने गुणून बघा. खरा आयगेनव्हेक्टर गुणल्यावर त्याच दिशेत राहतो, म्हणजे त्याचे सगळे घटक एकाच पटीत बदलतात. इथे चुकून पहिली ओळ (−०.७०७१, −०.५५४७) घेतली, तर गुणाकार (−०.६०५९, −०.६५५९) येतो. पहिला घटक ०.८६ पट झाला आणि दुसरा १.१८ पट, म्हणजे हा आयगेनव्हेक्टर नव्हे. सगळे कॉलम एकदम तपासायचे असतील तर एक ओळ पुरते:

```python
np.allclose(A @ V, V * w)      # True
```

इथे `V * w` मध्ये नमपाय पहिल्या कॉलमला `w[0]` ने आणि दुसऱ्याला `w[1]` ने गुणतं, आपल्याला तेच हवं आहे. `==` वापरू नका. १ ही आयगेनव्हॅल्यू प्रत्यक्षात ०.९९९९९९९९९९९९९९९८ अशी साठवलेली असू शकते आणि मग बरोबर उत्तरही `False` ठरतं.

सरावाला बहुतेक जण `[[2, 1], [1, 2]]` हा मॅट्रिक्स घेतात, आणि नेमका तिथेच ओळ-कॉलमचा घोळ लपून राहतो. त्याचे व्हेक्टर `np.linalg.eigh` ने काढले, तर मिळणारा `V` स्वतःच सममित असतो. पहिली ओळ आणि पहिला कॉलम तंतोतंत सारखे, दुसऱ्याचंही तसंच. ओळी वाचणारा कोड त्या उदाहरणावर अगदी बरोबर उत्तर देतो आणि खऱ्या कामात फसतो. कोड तपासायचा तर सममित नसलेला मॅट्रिक्सच घ्या.

आता त्या आकड्यांकडे वळू. आयगेनव्हेक्टरला स्वतःची ठरलेली लांबी नसते. (२, ३) हा व्हेक्टर `A` ने गुणला तर (२, ३) च येतो. (४, ६) चंही तसंच, (−२, −३) चंही तसंच. नक्की असते ती फक्त दिशा. त्या दिशेवरच्या अगणित व्हेक्टरांतून नमपायला एक निवडून छापावा लागतो, आणि त्याचा नियम असा आहे की घटकांच्या वर्गांची बेरीज १ आली पाहिजे. (२, ३) ची लांबी √१३, म्हणजे ३.६०५६. २ ला तिने भागलं की ०.५५४७, ३ ला भागलं की ०.८३२१. छापलेले आकडे हेच आहेत, फक्त चिन्ह उलटं आहे.

चिन्हाबद्दल नमपाय काहीच कबूल करत नाही. लांबी १ असलेले दोन व्हेक्टर त्या रेषेवर बसतात, एक या बाजूला, एक त्या बाजूला, आणि नमपाय आत वापरतं त्या लॅपॅक लायब्ररीची आकडेमोड ज्या वाटेने जाते त्यावर कुठला मिळणार ते ठरतं. त्या उणे चिन्हाला सायकलींच्या भाषेत काहीही अर्थ नाही. स्टँडचा क्रम बदलून बघा. शिवाजीनगर आधी आणि डेक्कन नंतर लिहिलं की मॅट्रिक्स `[[0.8, 0.3], [0.2, 0.7]]` असा होतो. प्रश्न तोच, सायकली त्याच. पण आता `w` येतो `[1. 0.5]` आणि १ चा व्हेक्टर येतो (०.८३२१, ०.५५४७), दोन्ही घटक अधिक. नुसत्या नावांचा क्रम बदलल्याने चिन्हही फिरलं आणि आयगेनव्हॅल्यूंचा क्रमही फिरला.

म्हणूनच `V[:, 0]` हाच मुख्य व्हेक्टर असं गृहीत धरून कोड लिहिणं धोक्याचं आहे. `eig` आयगेनव्हॅल्यू चढत्या किंवा उतरत्या क्रमाने देतं असा कुठलाही नियम नाही. `eigh` मात्र चढत्या क्रमाने देतं, पण ते फक्त सममित, किंवा काँप्लेक्स आकडे असतील तर हर्मिशियन, मॅट्रिक्ससाठी आहे. आपला मॅट्रिक्स तसा नाही. क्रम लावायचाच असेल तर `np.sort(w)` करून थांबू नका, त्याने आयगेनव्हॅल्यू हलतात आणि व्हेक्टर जागेवरच राहतात, जोड्या तुटतात. `i = np.argsort(w)` असा क्रमांक काढून `w[i]` आणि `V[:, i]` दोन्ही बरोबर हलवावेत.

आपल्याला हवी असलेली आयगेनव्हॅल्यू १ आहे, तेव्हा तीच शोधू आणि तिच्या व्हेक्टरला सायकलींच्या मापात आणू:

```python
k = np.argmin(np.abs(w - 1))
v = V[:, k]
p = v / v.sum()
print(p, 500 * p)   # [0.4 0.6] [200. 300.]
```

लांबी १ हे नमपायचं माप आहे, आपलं माप वेगळं. आपल्याला एकूण सायकलींतला वाटा हवा, म्हणून घटकांची बेरीज १ व्हायला हवी. −०.५५४७ आणि −०.८३२१ यांची बेरीज −१.३८६८. दोन्ही घटकांना तिने भागलं की ०.४ आणि ०.६ मिळतात. उणेला उणेने भागलं गेलं, चिन्हाचा प्रश्नही त्याच पायरीत सुटला. `np.abs(v)` लावून चिन्ह घालवण्याची सवय मात्र नको. इथे चालून जाईल, पण ज्या व्हेक्टरमध्ये काही घटक अधिक आणि काही उणे आहेत तिथे त्याने व्हेक्टरच बदलतो.

वर्गांची बेरीज १ असल्यामुळे काही जण ते वर्गच वाटे म्हणून वाचतात. ०.५५४७ चा वर्ग ०.३०७७, ०.८३२१ चा वर्ग ०.६९२३. बेरीज १ भरते, आकडे वाट्यांसारखे दिसतातही, पण डेक्कनला ३०.८ टक्के सायकली राहतील हे साफ चूक आहे. क्वांटम मेकॅनिक्समध्ये वर्गांना संभाव्यतेचा अर्थ असतो. इथे व्हेक्टरचे घटक थेट सायकलींच्या प्रमाणात आहेत, वर्ग करण्याचा काही संबंध नाही.

आता मांडणीचा सापळा. संभाव्यतेच्या पुस्तकांत हाच मॅट्रिक्स बहुधा आडवा लिहितात, म्हणजे निघण्याचं ठिकाण ओळीत आणि ओळीची बेरीज १. तेव्हा तो `P = [[0.7, 0.3], [0.2, 0.8]]` असा दिसतो. हा सरळ `eig` ला दिला तर आयगेनव्हॅल्यू त्याच येतात, १ आणि ०.५, त्यामुळे शंका येत नाही. पण १ चा व्हेक्टर येतो तो दोन्ही घटक सारखे असलेला. बेरजेने भागलं की ०.५ आणि ०.५, म्हणजे २५०–२५० सायकली. उत्तर इतकं नीटस दिसतं की कुणी ते पुन्हा तपासत नाही. ओळींची बेरीज १ असली की सगळे घटक सारखे असलेला व्हेक्टर हा नेहमीच १ चा आयगेनव्हेक्टर असतो, आकडे कुठलेही असोत. त्यात स्टँडबद्दल काहीच माहिती नसते. अशा मांडणीत `np.linalg.eig(P.T)` चालवायचं. सगळे वाटे अगदी समान आले तर आधी `P.sum(axis=0)` आणि `P.sum(axis=1)` छापून बेरीज कुठल्या बाजूने १ आहे ते बघा.

राहिला दुसरा व्हेक्टर, (−०.७०७१, ०.७०७१). त्यालाही बेरजेने भागायला गेलात तर पंचाईत होते, कारण बेरीज शून्य आहे. संगणकात ती कधी नेमकी ० येते, कधी १ च्या दहा हजार लाख कोटीव्या भागाइतकी क्षुल्लक, आणि भागाकार एक तर अनंत होतो नाही तर भलताच मोठा. ही शून्य बेरीज योगायोगाची नाही. `A` ने गुणल्यावर एकूण सायकली तेवढ्याच राहतात, म्हणजे कुठल्याही व्हेक्टरची बेरीज बदलत नाही. पण हा व्हेक्टर गुणल्यावर अर्धा होतो, मग त्याची बेरीजही अर्धी व्हायला हवी. अर्धी होऊनही न बदलणारी संख्या एकच, शून्य. तेव्हा हा व्हेक्टर सायकलींची वाटणी सांगत नाही. एका स्टँडवर जेवढ्या जास्त, तेवढ्या दुसऱ्यावर कमी, असा तो फरक आहे, आणि ०.५ ही आयगेनव्हॅल्यू सांगते की तो फरक रोज निम्मा होतो.

हे आकड्यांत बघू. पहिल्या दिवशी सगळ्या ५०० सायकली डेक्कनला उभ्या आहेत. त्या रात्री डेक्कनला ३५०, दुसऱ्या रात्री २७५, तिसऱ्या रात्री २३७.५ (सरासरीचा हिशोब आहे, म्हणून अर्धी सायकल चालेल). २०० च्या वर किती आहेत ते मोजा: सुरुवातीला ३००, मग १५०, ७५, ३७.५. रोज निम्मे. नवव्या रात्री हा फरक ०.५९ वर येतो, म्हणजे एका सायकलीपेक्षाही कमी. स्थिर स्थिती कुठे आहे ते १ चा व्हेक्टर सांगतो, तिथे पोचायला किती वेळ लागेल ते दुसरी आयगेनव्हॅल्यू.

हाच हिशोब नमपायकडून करून घ्यायचा तर सुरुवातीची स्थिती दोन आयगेनव्हेक्टरांत विभागावी लागते:

```python
x0 = np.array([500.0, 0.0])
c = np.linalg.solve(V, x0)
print(c)                   # [-424.26406871 -360.55512755]
print(V @ (w**3 * c))      # [237.5 262.5]
```

`c` मधले आकडे बघून दचकायचं कारण नाही. −३६०.५६ हा आकडा एकटा वाचायचा नसतो, तो (−०.५५४७, −०.८३२१) ला गुणायचा असतो, आणि गुणाकार (२००, ३००) येतो. पहिली जोडी गुणली की (३००, −३००) मिळतं, म्हणजे डेक्कनला जास्त असलेल्या ३०० आणि शिवाजीनगरला कमी असलेल्या ३००. नमपायने चिन्ह उलटं दिलं असतं तर गुणकाचं चिन्हही उलटलं असतं आणि गुणाकार हाच राहिला असता. अर्थ गुणाकाराला आहे, म्हणून आपला कोड दुसऱ्या संगणकावर तपासताना `V` मधले आकडे जसेच्या तसे जुळवू नयेत. तिथे लॅपॅकची दुसरी आवृत्ती असेल तर चिन्ह वेगळं येऊ शकतं आणि तपासणी विनाकारण फसते. `p`, किंवा `A @ V` आणि `V * w` यांची जुळणी, हे तपासावं.

`solve` च्या जागी `c = V.T @ x0` लिहिणं ही या विषयातली फार पसरलेली चूक आहे. तिचं मूळ 'नॉर्मलाइज्ड' म्हणजेच एकमेकांना लंब अशा समजुतीत आहे. नमपायने प्रत्येक कॉलमची लांबी १ केली आहे, कॉलम एकमेकांना काटकोनात आहेत असं म्हटलेलं नाही. `V.T @ V` छापून बघा: कर्णावर १ येतात, पण बाजूला −०.१९६ येतो. काटकोन असता तर तिथे ० आला असता. सममित मॅट्रिक्सला `eigh` लावलं तर कॉलम लंब असतात आणि `V.T` चालतो, आपल्या मॅट्रिक्सला चालत नाही. चुकीच्या `c` ने पहिल्याच दिवसाची स्थिती परत जुळवली तर डेक्कनला ४०३.८५ आणि शिवाजीनगरला −१९.२३ सायकली निघतात. ५०० च्या ३८५ झाल्या आणि एका स्टँडवर उणे एकोणीस. असं काही दिसलं की पहिला संशय `V.T` वर घ्या.

स्टँड तीन झाले की आणखी एक रूप दिसू शकतं. समजा डेक्कन, शिवाजीनगर आणि स्वारगेट असे तीन स्टँड आहेत, २० टक्के सायकली जागेवरच परत येतात आणि ८० टक्के पुढच्या स्टँडवर जातात, स्वारगेटच्या पुन्हा डेक्कनला. आयगेनव्हॅल्यू येतात १ आणि −०.२ ± ०.६९३i. काल्पनिक भाग असलेल्या या जोडीचा अर्थ असा, की स्टँडांमधला फरक गोल फिरत फिरत कमी होतो, रोज साधारण ०.७२ पट. दोन आयगेनव्हॅल्यू अशा आल्या की नमपाय `w` आणि `V` दोन्ही पूर्णपणे काँप्लेक्स प्रकारात देतं, त्यामुळे १ च्या व्हेक्टरलाही `+0.j` ची शेपटी लागते. `np.abs(p.imag).max()` जवळजवळ शून्य आहे हे बघून मग `p.real` घ्या. न बघता `.real` लावलं आणि `k` चुकून दुसऱ्याच आयगेनव्हॅल्यूचा असला, तर ते कळणारच नाही.

एका परिस्थितीत मात्र `argmin` ने एक कॉलम उचलण्याची पद्धतच अपुरी पडते. डेक्कन-शिवाजीनगरच्या जोडीला चिंचवड आणि निगडी हे दोन स्टँड जोडले, पण पुण्याची सायकल तिकडे जात नाही आणि तिकडची इकडे येत नाही. मग १ ही आयगेनव्हॅल्यू दोनदा येते. १ चा एक व्हेक्टर पुण्याच्या स्टँडांचा, दुसरा तिकडच्या स्टँडांचा, आणि त्यांचं कुठलंही मिश्रण हाही १ चा आयगेनव्हेक्टरच. `argmin` त्यातला एकच कॉलम उचलतो. तो सगळ्या सायकली पुण्यात आहेत असं सांगू शकतो, आणि `A @ v` ची तपासणीही बिनतक्रार पार पडते. `np.isclose(w, 1).sum()` ने २ दिले की समजायचं, शेवटची वाटणी सुरुवातीला कुठे किती सायकली होत्या त्यावर अवलंबून आहे. तेव्हा `x0` मध्ये चारही स्टँडचे आकडे भरून `c` वरच्यासारखाच काढायचा आणि १ चे सगळे कॉलम एकत्र घ्यायचे:

```python
m = np.isclose(w, 1)
print(V[:, m] @ c[m])
```

दोन स्टँडच्या मूळ उदाहरणावर हीच ओळ चालवली तर ती `[200. 300.]` देते.